हजार पानांच्या रेकॉर्डचा सारांश करताना या चुका टाळा

कोर्टातल्या दाव्याचं हजार पानांचं रेकॉर्ड हातात पडलं की नवखा माणूस आधी भागाकार करतो. शंभर-शंभर पानांचे दहा गठ्ठे, दहा सारांश, मग एकाखाली एक चिकटवून मोकळा.

मीही हे केलंय. पैशांचा दावा होता. पान 500 वर आम्ही गठ्ठा तोडला आणि एकाच साक्षीदाराचा सरतपास पाचव्या भागात, उलटतपास सहाव्यात गेला. सरतपासात तो म्हणाला होता, निशाणी 31 ची पावती माझ्यासमोर सही झाली. पान 512 वर तोच कबूल करतो, "त्या कागदावर सही झाली तेव्हा मी तिथे नव्हतो." सहावा भाग करणाऱ्या सहकाऱ्यापुढे आधीची पानं नव्हती. जरा वर करारनाम्याचा विषय निघाला होता, म्हणून त्याने 'तो कागद' म्हणजे करारनामा धरला. मी दोन्ही सारांश जोडले आणि पावती पक्की, करारनामा डळमळीत असं चित्र तयार झालं. खरं नेमकं उलट होतं. युक्तिवादाच्या आदल्या रात्री सहज मूळ पान उघडलं, म्हणून वाचलो.

तेव्हापासून मी पानं मोजून तोडत नाही, दस्त संपेल तिथे तोडतो. साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास एकाच भागात, मग तो भाग तीस पानांचा होवो की दीडशे.

दुसरी खोड म्हणजे 'संदर्भ शेवटी जुळवू' म्हणणं. शेवटी जुळवायला काही उरलेलंच नसतं. सारांशात सगळ्यात आधी गळतो तो 'वर नमूद केलेला', 'सदर', 'तो'. म्हणून वाचतानाच एक वही बाजूला ठेवतो. तिच्यात तीन रकाने: कुठून, कशाकडे, काय म्हणतो. 'पान 512 – निशाणी 31, पान 207 – सहीला हजर असल्याचं नाकारतो.' कशाकडे बोट आहे ते कळलं नाही, तर रकाना कोरा ठेवून प्रश्नचिन्ह करायचं. अंदाजाने भरायचा नाही. आमच्या सहकाऱ्याने नेमका तोच भरला होता.

जोडताना आधी ही वही, मग सारांश. दुसऱ्या भागाकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक ओळीसाठी मूळ पान उघडतो. सारांशाचा सारांश करायला गेलं की 'बहुधा' आणि 'मला आठवतं तसं' गळून पडतात, आणि साक्षीदार अचानक ठाम होतो. वहीतली प्रत्येक ओळ शेवटी मसुद्यात दिसली पाहिजे, नाहीतर कारण लिहून खोडलेली. याला एक दिवस जास्त लागतो. घाई असणाऱ्यांनी तो दिवस दुसरीकडे वाचवावा.

माणसाला एकच नाव द्या: 'प्रतिवादी 2', 'धाकटा भाऊ' आणि 'भागीदार' हा एकच इसम असू शकतो.

आणि पान क्रमांक रेकॉर्डवर छापलेला लिहा, पीडीएफने दाखवलेला नाही. पुढे अनुक्रमणिकेची बारा पानं असली की सगळे संदर्भ बारा पानांनी सरकतात.