नोकरकपातीचा हिशोब: एकरकमी आकड्यावर सही करण्याआधी या चुका टाळा

माझ्या मावसभावाला हिंजवडीतल्या कंपनीने कमी केलं, तेव्हा हिशोबाच्या पत्रात एकच ओळ होती: 'दर वर्षाला दोन आठवड्यांचा पगार, नोटीसचे पैसे आणि शिल्लक रजा मिळून ₹३,३४,६१५.' रक्कम मोठी वाटली आणि तो सही करायला निघाला. पहिली चूक हीच. तीन वेगळे हिशोब एका आकड्यात दडलेले असतात, म्हणून आधी एचआरकडे फोड मागा, तीही ईमेलवर.

फोड आली. त्याचा महिन्याचा ग्रॉस पगार ₹९०,०००, बेसिक ₹४५,०००, नोकरी ६ वर्षं ८ महिने, नोटीस दोन महिन्यांची आणि शिल्लक रजा २० दिवस. नोटीसचे ₹१,८०,००० बरोबर होते. मात्र आठवड्याचा पगार बेसिकवर काढला होता आणि वर्षं सहाच धरली होती, म्हणून त्या भागाचे फक्त ₹१,२४,६१५ झाले. कंपनीने सगळ्यांना पाठवलेल्या मेलमध्ये 'ग्रॉस पगार' असं स्पष्ट लिहिलं होतं. ग्रॉसला बाराने गुणून बावन्नने भागलं की आठवड्याचे ₹२०,७६९ येतात. दोन आठवडे आणि सात वर्षं धरली तर हा भाग ₹२,९०,७६९ होतो.

सात का? नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली; या कायद्यात कामगाराच्या भरपाईसाठी पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार आहे, आणि सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. मॅनेजर पदावरचे लोक या कायद्याच्या 'कामगार' व्याख्येत सहसा बसत नाहीत. तिथे नेमणूकपत्र आणि कंपनीचं धोरण हाच आधार, त्यामुळे ती कागदपत्रं लॅपटॉप परत करण्याआधीच स्वतःकडे घ्या. नंतर लॉगिन बंद होतं.

रजेत फरक छोटा असतो, पण तो विचारावाच. वीस दिवसांसाठी बेसिकला तीसने भागलं तर ₹३०,०००, सव्वीसने भागलं तर ₹३४,६१५. कुठला भागाकार घ्यायचा ते रजेच्या नियमांत बघा. पोर्टलवरच्या रजेच्या शिलकीचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा.

ग्रॅच्युइटी या पॅकेजमध्ये मिसळू देऊ नका. पाच वर्षं झालेल्याचा तो वेगळा हक्क आहे. भावाच्या बाबतीत बेसिक गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, म्हणजे ₹१,८१,७३१. पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर ती वेगळी मिळेल असं लेखी आलं.

सगळ्यात महागात पडते ती राजीनाम्याची चूक. 'रेकॉर्ड चांगलं राहील, पोर्टलवर राजीनामा टाका' असं फोनवर गोडीत सांगतात. राजीनामा दिला की कागदोपत्री तुम्ही स्वतःहून गेलात. मग कपातीची भरपाई मागायला आधार उरत नाही आणि नोटीसचे पैसे उलट तुमच्याकडूनच कापले जाऊ शकतात. भावाने एवढंच उत्तर पाठवलं: 'मी राजीनामा देत नाही, कंपनीने कमी केल्याचं पत्र द्यावं.' पत्र चौथ्या दिवशी आलं, दुरुस्त आकड्यांसह.