आवाज येतो, सबटायटल दिसतात, चित्र मात्र काळं: मिररिंग करताना या चुका टाळा

फोनची स्क्रीन टीव्हीवर आली. होम स्क्रीन दिसते, अ‍ॅप उघडलं की पोस्टरही दिसतात. प्ले दाबलं आणि चित्राच्या जागी काळा चौकोन. आवाज व्यवस्थित, खाली सबटायटल सरकतायत, बोट लावलं की पॉजचं बटणही उमटतं. फक्त सिनेमा गायब.

यावर बहुतेक जण पहिली चूक करतात ती दुरुस्तीला लागण्याची. राउटर बंद-चालू, टीव्हीचं अपडेट, शेवटी फोनचं फॅक्टरी रिसेट. मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे आणि वर नवं डोंगल विकत घेतलं, तेही तसंच काळं. बिघाड नसताना दुरुस्ती करत बसलो होतो, एवढंच.

बिघाड आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. मिररिंग चालू ठेवून आधी गॅलरीतला स्वतः काढलेला व्हिडिओ लावा. तो टीव्हीवर नीट दिसला तर वाय-फाय, टीव्ही आणि मिररिंग तिन्ही ठीक आहेत. मग मिररिंग बंद करा, अ‍ॅपमध्ये सिनेमा लावा आणि फोनवरच स्क्रीनशॉट घ्या. फोन नकार देत असेल किंवा स्क्रीनशॉटमध्ये चित्राची जागा काळी येत असेल, तर उत्तर मिळालं: तो व्हिडिओ संरक्षित आहे आणि तुमचा फोन मुद्दाम ते चित्र बाहेर देत नाहीये. उलट, गॅलरीतला व्हिडिओसुद्धा काळा किंवा अडखळत दिसला तरच नेटवर्ककडे वळा.

संरक्षित म्हणजे नेमकं काय? स्ट्रीमिंग अ‍ॅपकडे सिनेमा कुलूप लावूनच येतो, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला. तो उघडायची किल्ली सर्व्हर वेगळी पाठवतो आणि सोबत अटीही असतात: किती दिवस, कुठल्या दर्जात, कुठल्या स्क्रीनवर. या व्यवस्थेला डीआरएम म्हणतात. अँड्रॉइडवर हे काम सहसा गूगलची वाइडवाइन करते, आयफोनवर अ‍ॅपलची फेअरप्ले. वाइडवाइनची वरची पातळी `L1`. तिच्यात कुलूप उघडणं आणि व्हिडिओ उलगडणं, दोन्ही प्रोसेसरच्या एका राखीव, सुरक्षित भागात होतं. बाकीच्या अँड्रॉइडला ती चित्रं हाताळताच येत नाहीत. `L3` मध्ये हेच काम साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, म्हणून अशा फोनवर अनेक अ‍ॅप एचडी देतच नाहीत.

आता काळ्या चौकोनाचं कोडं सुटतं. फोनची स्क्रीन म्हणजे एकच चित्र नसतं, एकावर एक ठेवलेले थर असतात. बटणं आणि सबटायटल एका साध्या थरात, व्हिडिओ दुसऱ्यात, आणि या दुसऱ्या थरावर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारलेला असतो. फोनच्या स्वतःच्या पडद्यासाठी सगळे थर जोडले जातात. मिररिंगसाठी दुसरी प्रत तयार होते तेव्हा अँड्रॉइड विचारतं की ही प्रत सुरक्षित ठिकाणी चालली आहे का. नसेल, तर शिक्क्याचा थर काळा रंगवला जातो आणि बाकीचे जसेच्या तसे जातात. आवाजाची वाट वेगळी, म्हणून तो पोचतो. काही अ‍ॅप अख्ख्या खिडकीवरच `FLAG_SECURE` लावतात. मग बटणंही दिसत नाहीत. बँकेची अ‍ॅप हेच करतात, त्यांच्या बाबतीत आपण तक्रार करत नाही.

‘पण मित्राच्या टीव्हीवर तर चालतं!’ चालत असेल. मिररिंगच्या मिराकास्ट या पद्धतीत फोन आणि टीव्ही दोघंही एचडीसीपी पाळत असतील, तर ती वाट फोनला सुरक्षित वाटू शकते आणि चित्र जातं. एचडीसीपी म्हणजे फोन आणि पडदा यांच्यामधल्या वाटेवरचं कुलूप: पडदा आधी आपली ओळख पटवतो, मगच त्याला चित्र मिळतं. साखळीतलं एक जरी उपकरण ते पाळत नसेल, तर काळा पडदा येतो किंवा दर्जा उतरतो.

सगळ्यात मोठी गल्लत मात्र पुढची आहे: मिररिंग आणि कास्टिंग एकच समजणं. वरून ओढलेल्या पडद्यातलं ‘स्क्रीन कास्ट’ हे नाव ही गल्लत आणखी वाढवतं, कारण ते प्रत्यक्षात मिररिंगच आहे. खरं कास्टिंग अ‍ॅपच्या आतल्या चिन्हातून होतं: चौकोन आणि त्याच्या कोपऱ्यात वाय-फायसारख्या रेषा. ते दाबल्यावर फोन चित्र पाठवतच नाही. ‘हा सिनेमा, इतक्या मिनिटापासून’ एवढाच निरोप जातो. टीव्ही स्वतः सर्व्हरकडून व्हिडिओ आणि त्याची किल्ली मिळवतो. फोनवरून प्रतच निघत नाही, म्हणून काळं व्हायचा प्रश्न येत नाही. शिवाय फोनची स्क्रीन बंद केली तरी सिनेमा चालू राहतो. मिररिंगमध्ये तसं होत नाही. दोन्हींतला फरक ओळखायची ही सोपी खूण.

तेव्हा करायचं ते असं: मिररिंग पूर्ण बंद करा, फोन आणि टीव्ही एकाच वाय-फायवर आणा, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा आणि आतलं चिन्ह शोधा. दिसत नसेल तर फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर नाही ना ते बघा. तिथे उपकरणांना सहसा एकमेकांना पाहू दिलं जात नाही. आयफोनवर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी आहे का तेही तपासा. तरीही नाही, तर कदाचित अ‍ॅपनेच ती सोय ठेवलेली नाही (नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये एअरप्ले ही आयफोनवरून टीव्हीवर पाठवायची अ‍ॅपलची सोय काढून टाकली होती). मग टीव्हीतलंच अ‍ॅप वापरणं सर्वांत सरळ.

डाउनलोड करून ठेवलेला सिनेमा मिररिंगला चालेल ही आशाही सोडा. फाइल फोनमध्ये असली तरी कुलूप तसंच असतं आणि किल्ली त्याच फोनपुरती. कास्ट केलात तर सहसा टीव्ही तो सिनेमा नेटवरून नव्याने घेतो. टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर असेल तर मोबाइल डेटा भराभर जातो, आणि डाउनलोड असताना डेटा कसा संपला याचं नवल वाटत राहतं.

राहिली केबल. फोनच्या यूएसबी-सी मधून थेट व्हिडिओ बाहेर येत असेल आणि अडॅप्टर व टीव्ही दोन्ही एचडीसीपी पाळत असतील, तर संरक्षित व्हिडिओ सहसा दिसतो. फोर-के हवं असेल तर एचडीसीपी २.२ लागतं. पण सगळ्या यूएसबी-सी फोनमधून व्हिडिओ बाहेर येत नाही. ज्या अडॅप्टरला चालण्यासाठी फोनवर वेगळं अ‍ॅप टाकावं लागतं आणि ते अ‍ॅप ‘स्क्रीन रेकॉर्ड करण्याची परवानगी’ मागतं, ते केबलच्या वेषातलं मिररिंगच समजा. तिथेही काळंच दिसणार. माझं फसलेलं डोंगल याच जातीचं होतं. खोक्यावर लिहिलेलं नव्हतं, पण परवानगीच्या त्या एका खिडकीत सगळं सांगितलेलं होतं.

‘ब्लॅक स्क्रीन फिक्स’ नावाची अ‍ॅप टाकू नका. साधं अ‍ॅप तो सुरक्षित थर वाचू शकत नाही, आणि त्यासाठी फोन रूट केलात, म्हणजे अँड्रॉइडचे निर्बंध तोडून फोनचा पूर्ण ताबा घेतलात, तर वाइडवाइनची पातळी घसरू शकते किंवा अ‍ॅप चालायलाच नकार देतं. म्हणजे टीव्हीवर नव्हता तो सिनेमा, आता फोनवरही एचडीत नाही.