जर्मन बोलताना या चुका टाळा: शेवटचे ब, ड, ग आणि वाक्याची चाल

कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये जर्मनीतल्या ज्या राज्याशी करार केला, त्याच्या नावाचा शेवट आपण ‘बर्ग’ असा करतो. तिथली माणसं ‘बाडन-व्युर्टेम्बेर्क’ म्हणतात. लिहिताना शेवटी जी, बोलताना क. याच नावातला ‘बाडन’मधला ड मात्र ड-च राहतो, कारण त्याच्यापुढे स्वर आहे. तो स्वर काढून नुसतं ‘स्नान’ म्हणायचं झालं, तर शब्द होतो ‘बाट’. स्पेलिंगमध्ये मात्र डी-च.

नियम एवढाच: अवयवाच्या, म्हणजे शब्दातल्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याच्या, शेवटी आलेल्या बी, डी, जी यांचा उच्चार अनुक्रमे प, ट, क होतो. हा ट जीभ न वळवता, दातांच्या मागच्या हिरडीवर टेकवून काढायचा. मराठीत ‘वाद’ आणि ‘वात’, ‘बाग’ आणि ‘बाक’ हे शेवटच्या व्यंजनावरूनच वेगळे कळतात, म्हणून शेवटचा ड किंवा ग घोष, म्हणजे घशातल्या कंपासह, ठेवण्याची आपल्याला पक्की सवय असते. जर्मनमध्ये ‘चाक’ आणि ‘सल्ला’ या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, ‘राट’. एकात डी आहे आणि दुसऱ्यात टी, हे फक्त कागदावर दिसतं.

नियम पाठ असूनही चूक होते ती बहुधा जोडणीत. ‘न्यायला येणे’ या अर्थाचं क्रियापद घ्या: ‘अप-होलन’. पहिल्या तुकड्यात लिहिलेला आहे बी आणि पुढे येतो ह. आपली जीभ ब आणि ह एकत्र आले की सरळ ‘भ’ करते, आणि होतं ‘अभोलन’. समोरच्याला तो शब्द ओळखूच येत नाही. इथे ‘अप’ म्हणून ओठ मिटवा, क्षणभर थांबा आणि मगच ‘होलन’ म्हणा. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल तरी हेच. ‘कुत्रा आहे’ म्हणताना ‘हुंडिस्ट’ असं ओघात जोडू नका. ‘हुंट’ संपवा, घसा किंचित अडवा आणि मग ‘इस्ट’ म्हणा.

उलट टोकाची चूकही होते. नियम कळला की काहीजण सगळीकडेच क आणि ट लावतात. ‘दिवस’ म्हणजे ‘टाक’, पण अनेकवचन ‘टागं’. तिथे ग परत येतो, कारण तो आता पुढच्या अवयवाचा आरंभ आहे. ‘आबेंट’मध्येही (संध्याकाळ) मधला ब तसाच राहतो, शेवटचा ड मात्र ट होतो. आपल्याकडे ‘गुटन आबेंड’ सर्रास ऐकू येतं.

‘इग’ने संपणारे शब्द वेगळे. प्रमाण उच्चारात तिथे क नसून ‘इश’च्या जवळचा ध्वनी येतो: वीस म्हणजे ‘त्स्वान्त्सिश’. दक्षिणेत, म्हणजे वर सांगितलेल्या राज्यातही, लोक तिथे ‘इक’ म्हणतात. तिकडे नोकरीला जाणाऱ्याला दोन्ही ओळखता आले पाहिजेत, बोलायला एक पुरेसा.

आता चाल. ‘इश होल दिश अप’, म्हणजे ‘मी तुला न्यायला येतो’. ‘अप-होलन’मधला ‘अप’ इथे सुटून वाक्याच्या शेवटी गेला आहे. मराठीत बोलताना आपण वाक्याचे तुकडे पाडतो आणि बऱ्याचदा प्रत्येक तुकड्याच्या शेवटी आवाज थोडा चढवतो. तीच सवय इथे आली की ‘होल’वर एक चढ, ‘अप’वर दुसरा. जर्मन कानाला वाटतं, वाक्य अजून संपलेलं नाही, आणि तो पुढचं ऐकायला थांबतो. या वाक्यातला मुख्य जोर ‘अप’वर आहे, आणि आवाज त्याच शब्दावरून खाली उतरतो. बाकीचे शब्द जवळपास सपाट.

तेच क्रियापद प्रश्नात: ‘होल्स्ट दू मिश अप?’ (न्यायला येतोस का?) मराठीत ‘का’ आला की प्रश्न आहे हे कळतं. जर्मनमध्ये तसा शब्द नाही, म्हणून क्रियापद पुढे जातं आणि ‘अप’वर आवाज चढतो. ‘वान होल्स्ट दू मिश अप?’ (कधी येतोस?) यात मात्र ‘वान’ने प्रश्न उघड केलेला असतो, त्यामुळे सहसा आवाज विधानासारखाच खाली येतो. इथे मराठी विद्यार्थी हमखास वर जातात. चढवलेला आवाज नेहमीच चुकीचा नसतो. आपुलकीने विचारताना जर्मन लोकही चढवतात. पण तो फरक कळेपर्यंत खालीच उतरवा.

स्वतःचं तपासायचं असेल तर ही तिन्ही वाक्यं फोनवर रेकॉर्ड करा. आधी फक्त शेवटचा ‘अप’ ऐका. त्यामागे ‘अ’चं बारीक शेपूट ऐकू येत असेल, तर तुम्ही अजून ‘अब’च म्हणता आहात. मग Praat या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून आवाजाचा चढउतार दाखवणारी रेषा पाहा. पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यात ती ‘अप’वर खाली झुकली पाहिजे, दुसऱ्यात वर. शेवटचा प अघोष असल्यामुळे त्याच्या जागी रेषा तुटते. ती तुटलेली दिसली म्हणजे प नीट आला.