मराठी-हिंदी फीडबॅक फॉर्म छापायला टाकण्याआधीची तयारी

नागपुरातल्या लॉजला किंवा हॉटेलला पाहुण्यांचा फॉर्म इंग्रजीबरोबर मराठीत आणि हिंदीत लागतोच. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि आजही छिंदवाडा, सिवनी, रायपूरकडचा माणूस काउंटरवर हिंदीतच बोलतो. बहुतेक ठिकाणी इंग्रजी फॉर्म तयार मिळतो, कोणीतरी एका संध्याकाळी त्याचे मराठी-हिंदी करून टाकते आणि महिन्याअखेर सगळे आकडे एकाच तक्त्यात जातात. तिथेच घोळ होतो. मराठी फॉर्मवरचे ‘चांगले’ आणि हिंदी फॉर्मवरचे ‘अच्छा’ एकाच मापाचे आहेत, हे कोणी तपासलेलेच नसते. खाली एक छोटा फॉर्म धरून चाललो आहोत: खोलीची स्वच्छता, नाश्ता, कर्मचाऱ्यांची मदत आणि एकूण मुक्काम असे चार प्रश्न, आणि शेवटी मोकळ्या उत्तरासाठी जागा.

भाषांतराला हात लावण्याआधी मूळ इंग्रजी फॉर्म समोर घ्या आणि त्याची मापपट्टी मोजा. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर ही पट्टी सगळीकडे दिसते. तिच्यात स्तुतीच्या पायऱ्या तीन आहेत आणि नापसंतीची सरळ पायरी एकच. म्हणजे पट्टी मुळातच एका बाजूला कललेली आहे. ती इमानदारीने मराठीत आणली तरी कल तसाच राहतो, वर ‘फेअर’ला शब्द शोधताना आपला नवा कल मिसळतो. ‘बरा’ लिहिले तर काय होते ते पाहा. ‘नाश्ता बरा होता’ हे वाक्य एका सुरात कौतुक असते, दुसऱ्या सुरात नाक मुरडणे. बोलताना सूर ऐकू येतो, कागदावर येत नाही. ‘ठीक’चेही थोडेफार असेच आहे.

खालच्या टोकाचा शब्द त्याहून जास्त त्रास देतो. ‘पुअर’साठी ‘खराब’ लिहिले की प्रत्येक ओळीत त्याचा अर्थ बदलतो. तर्री-पोह्यांची तर्री पांचट होती आणि पोहे गार होते, एवढेच पाहुण्याला म्हणायचे असते. पण ‘नाश्ता खराब’ म्हणजे विटलेला, पोट बिघडवणारा. हिंदीतही ‘खाना ख़राब’ म्हटले की हाच अर्थ आधी येतो. ‘वाईट’ लिहावे, तर कर्मचाऱ्यांच्या ओळीत तो माणसांच्या स्वभावावरचा शेरा होतो. सामान उचलायला कोणी आले नाही म्हणून नाराज असलेला पाहुणा ‘कर्मचारी वाईट’वर खूण करायला कचरतो आणि एक घर वर सरकतो. इंग्रजी फॉर्म भरणाऱ्याला ‘पुअर’वर खूण करताना असा संकोच वाटायचे कारण नसते. मग मराठी फॉर्मवर कर्मचाऱ्यांचे गुण वाढलेले दिसतात. ती वाढ सेवेची नसते, शब्दाची असते.

व्याकरणही इथे आडवे येते. वर रकान्यांचे मथळे आणि डावीकडे विषय, असा तक्ता इंग्रजीत सहज बसतो. मराठीत स्वच्छता चांगली, नाश्ता चांगला, जेवण चांगले. एकच मथळा सगळ्या ओळींना लागू पडत नाही. ‘चांगला/चांगली/चांगले’ असे तिरप्या रेघा मारून छापले की फॉर्म सरकारी अर्जासारखा दिसू लागतो आणि वाचणारा अडखळतो. हिंदीतही अच्छा, अच्छी, अच्छे अशी तीच अडचण आहे.

म्हणून वस्तूला विशेषण लावणारी पट्टी सोडा आणि पाहुण्याची अवस्था सांगणारी पट्टी घ्या. मराठीत: पूर्ण समाधानी, काही प्रमाणात समाधानी, समाधानीही नाही आणि असमाधानीही नाही, काही प्रमाणात असमाधानी, पूर्ण असमाधानी. हिंदीत: पूरी तरह संतुष्ट, कुछ हद तक संतुष्ट, न संतुष्ट न असंतुष्ट, कुछ हद तक असंतुष्ट, पूरी तरह असंतुष्ट. दोन्हीकडे दोन पायऱ्या वर, दोन खाली, एक मध्ये. ‘समाधानी’ आणि ‘संतुष्ट’ हे शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, त्यामुळे एकच मथळा सगळ्या ओळींना चालतो आणि भरणारी बाई असो की पुरुष, वाक्य बिघडत नाही. ‘काहीसा समाधानी’ मात्र लिहू नका, ‘काहीसा’ लगेच बदलायला लागतो. तसेच ‘असमाधानी’ऐवजी ‘नाराज’ घेण्याचा मोह टाळा. नाराजी कोणावर तरी असते आणि पुन्हा माणसावर बोट जाते.

या पट्टीचा एक दोष आहे, तो आधीच हाताळावा. समाधानी आणि असमाधानी यांत फरक फक्त एका ‘अ’चा. चष्मा बॅगेत राहिलेला, गाडी गाठायच्या घाईतला पाहुणा चुकीच्या रकान्यात खूण करू शकतो. मधला रकाना हलक्या राखाडी रंगात छापा, म्हणजे दोन बाजू नजरेने वेगळ्या होतात. शिवाय सर्वात शेवटी, थोडे अंतर सोडून, ‘ही सोय वापरली नाही’ असा वेगळा रकाना ठेवा. तो नसेल तर नाश्ता न घेतलेला माणूस मधल्या घरात खूण करतो आणि मधले घर कशाचे हेच कळेनासे होते. मधल्या घराला ‘तटस्थ’ म्हणू नका, तो शब्द मतदानाचा वाटतो. ‘सांगता येत नाही’ही नको, कारण ते मत नसणे आहे, मधले मत नव्हे.

पट्टी ठरली की प्रश्नाकडे या. ‘खोलीच्या स्वच्छतेबद्दल आपण किती समाधानी आहात?’ हा प्रश्न समाधान धरूनच चालतो. ‘किती’ बदलून ‘कितपत’ केले तर उलटे होते: ‘हे कितपत खरे?’ म्हणताना जी शंका असते, ती प्रश्नाला चिकटते. दोन्ही बाजू प्रश्नातच ठेवा: ‘खोलीच्या स्वच्छतेबद्दल आपण समाधानी आहात की असमाधानी?’ ‘किती’ ते पट्टी सांगतेच. हिंदीत ‘कितने संतुष्ट’ लिहिले की बाईला ‘कितनी’ हवे असते. ‘कमरे की सफ़ाई से आप संतुष्ट हैं या असंतुष्ट?’ यात तो प्रश्नच उरत नाही. आणि मराठी मजकुरावरून हिंदी करताना ‘तुम्ही’चे ‘तुम’ होत नाही ना, ते एकदा डोळ्यांखालून घाला. आपले ‘तुम्ही’ आदराचे आहे, पाहुण्याला छापील ‘तुम’ मात्र उद्धट वाटेल.

नुसत्या आकड्यांनी काम भागेल, असेही वाटते. १ ते ५ छापा, भाषांतराची कटकट नाही. पण मराठीत ‘एक नंबर’ म्हणजे सगळ्यात भारी. पोहे एक नंबर होते म्हणून १ वर गोल करणारा पाहुणा तक्त्यात सर्वात असंतुष्ट ठरेल. आकडे ठेवायचेच असतील तर दोन्ही टोकांना शब्द लिहा, आणि आकडा हाताने लिहायला लावू नका, छापलेल्यावर गोल करू द्या. घाईत लिहिलेले आकडे नंतर नीट ओळखू येत नाहीत.

आता मोकळ्या उत्तराची जागा. इथे मराठी-हिंदीतले सारखे दिसणारे शब्द सर्वात जास्त फसवतात. मराठी फॉर्मवर ‘सूचना’ म्हणजे पाहुण्याने सुचवावे असे काही. तेच अक्षरशः हिंदी फॉर्मवर गेले, तर ‘सूचना’ म्हणजे माहिती किंवा जाहीर नोटीस. पाहुणा ती चौकट हॉटेलची समजून रिकामी सोडतो. तिथे ‘सुझाव’ हवे. ‘अभिप्राय’ही तसाच: हिंदीत तो आशय किंवा हेतू या अर्थी वापरतात. आणि मराठीत त्याला अभिप्राय-वहीची सवय चिकटली आहे, जिथे माणूस दोन गोड ओळी लिहून सही करतो. ‘तक्रार’ लिहिले की फक्त भांडायला आलेलाच लिहितो, आणि हिंदी वाचकाला ‘तकरार’ म्हणजे खुद्द भांडणच.

हे सगळे शब्द बाजूला ठेवून सरळ वाक्य विचारा: ‘या मुक्कामाबद्दल आपल्याला काय सांगावेसे वाटते?’ हिंदीत ‘इस ठहराव के बारे में आप क्या कहना चाहेंगे?’ ‘आम्ही काय सुधारावे?’ हा प्रश्न एकटा नको, तो चूक गृहीत धरतो. दोन चौकटी द्यायच्या असतील तर ‘काय आवडले?’ आणि ‘काय आवडले नाही?’ अशा जोडीने, दोन्हींना सारख्याच ओळी. ‘आवडले’च्या जोडीला ‘खटकले’ घेऊ नका. खटकणे फार मऊ आहे.

ओळी मोजून घ्या. देवनागरीला वर-खाली मात्रा असतात, त्यामुळे इंग्रजीच्या आकाराची ओळ अपुरी पडते. लिहायच्या ओळींत साधारण दहा मिलिमीटर अंतर धरा. मराठी प्रश्न लांबून दोन ओळींत गेला आणि डिझायनरने चौकट कापून जागा केली, तर मराठी पाहुणे कमी लिहितात, आणि दोष त्यांच्या आळसाला लागतो. तिन्ही भाषांत चौकटीची उंची एकच आहे ना, ते प्रूफवर पट्टी ठेवून पाहा.

मजकूर एकाच माणसाकडून करून घेऊ नका. दोघांनी वेगवेगळे भाषांतर करावे, मग तिसऱ्याने, शक्यतो काउंटरवर बसणाऱ्याने, दोन्ही समोर ठेवून वाद मिटवावा आणि कोणता शब्द का घेतला ते एका कागदावर लिहून ठेवावे. युरोपियन सोशल सर्व्हेसारख्या बहुभाषी पाहण्या याच वाटेने जातात: भाषांतर, तपासणी, निवाडा, चाचणी, नोंद. मराठीवरून पुन्हा इंग्रजी करून पाहण्याची पद्धत वगळलेला किंवा उलटा झालेला शब्द पकडते, पण ‘बरा’चा सूर पकडत नाही. ‘बरा’चे परत ‘फेअर’ झाले की सगळे खूश होतात आणि चूक आत राहते.

सूर पकडायला चिठ्ठ्या लागतात. पट्टीचे सगळे शब्द, आणि शंकेतले दोन-तीन जादा, वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहा. टेबलावर दोरी आखा, एका टोकाला शून्य, दुसऱ्याला शंभर. प्रत्येक भाषेच्या आठ-दहा जणांना चिठ्ठ्या पिसून द्या आणि दोरीवर मांडायला सांगा. ‘उत्तम’ आणि ‘उत्कृष्ट’ यांचा क्रम माणसागणिक उलटसुलट झाला, तर दोन्ही एका पट्टीत नकोत. मधल्या पायरीची चिठ्ठी मराठीत पन्नासच्या आसपास आणि हिंदीत सत्तरच्या आसपास पडत असेल, तर तो शब्द बदला. त्यानंतर पाच-सहा जणांना पूर्ण फॉर्म भरायला द्या आणि भरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा. एखाद्या ओळीवर पेन थबकला तर उत्तर सुचवू नका, फक्त ‘हे वाचून काय समजले?’ एवढेच विचारा. हे काम हॉटेलच्या मॅनेजरने करू नये. त्याच्यासमोर सगळेच समाधानी होतात.

शेवटी तक्ता. प्रत्येक फॉर्मच्या कोपऱ्यात भाषा आणि आवृत्ती छापा, उदाहरणार्थ ‘म-२’, ‘हिं-२’, आणि नोंदताना त्याचा वेगळा रकाना ठेवा. नागपुरात दोन्ही भाषा सारख्याच सहज वाचणारे पाहुणे भरपूर मिळतात. पहिले काही आठवडे त्यांना मराठी-हिंदी फॉर्मचा मिसळलेला गठ्ठा करून वरचा येईल तो द्या. एकाच तऱ्हेच्या माणसांत एखाद्या प्रश्नावर मराठी आणि हिंदीत मोठा फरक टिकून राहिला, तर आधी त्या ओळीचा मजकूर पुन्हा उघडा, नंतर स्वयंपाक्याला बोलवा. पंधरा-वीस फॉर्मांवरून काहीही ठरवू नका, तेवढ्यात दोन चिडलेले पाहुणेही सरासरी हलवतात. आणि जुन्या ‘एक्सलंट-पुअर’ फॉर्मची सरासरी नव्या पट्टीला जोडू नका. नवा फॉर्म ज्या तारखेला सुरू झाला, तिथे तक्त्यात आडवी रेघ मारून पुढे नवी गणती धरा.