‘थ्री शीट्स टू द विंड’ : शीट म्हणजे शीड नव्हे! या चुका टाळा

इंग्रजी खलाशांच्या बोलीत ‘थ्री शीट्स टू द विंड’ म्हणजे दारू पिऊन तर्र झालेला, पाय लटपटणारा माणूस. एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोटाळा होतो तो ‘शीट’ या शब्दापाशी. शीट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कापड येतं, आणि कापड म्हणजे शीड असं ते धरून चालतात. शीट ही दोरी आहे. शिडाचा खालचा मोकळा कोपरा ओढून धरणारी दोरी.

एका अनुवादाचं हस्तलिखित माझ्याकडे तपासायला आलं होतं. रिचर्ड हेन्री डाना या अमेरिकन खलाशाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक, १८४० सालचं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा एक खलाशी पोरांना नीट वागण्याचे सल्ले देतो, आणि स्वतः गावात गेला की बहुधा ‘थ्री शीट्स इन द विंड’ होऊनच परततो. अनुवादात तो ‘तिन्ही शिडं वाऱ्यावर सोडून’ परतत होता. मराठी वाचकाला वाटणार, गडी जोमात आला! तिन्ही शिडांत वारा भरला तर जहाज सुसाट जाईल. म्हणजे अर्थ पार उलटला, आणि उपदेश करणाराच झिंगून येतो ही त्या वाक्यातली सगळी गंमत गेली. अनुवादकाने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला होता. या घाईची मला मनापासून चीड येते.

जहाजावर खरं काय होतं ते बघा. चौकोनी शिडाच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक शीट असते. ती ताणून बांधली की शीड वारा धरतं. ती सुटली की कोपरा फडफडायला लागतो, ओढ जाते आणि जहाज रेटा हरवून लाटांवर हेलकावे खातं. अशा तीन दोऱ्या सुटल्या तर जहाजाची चाल दारुड्यासारखीच होणार.

‘टू’ हाच मूळ शब्द समजू नका. जुन्या छापील वापरात ‘इन द विंड’ आहे.

तीन हा आकडाही तीन डोलकाठ्यांवरून आला असं सांगू नका. खलाशी नशेची पायरी मोजत. १८२४ च्या एका इंग्रजी कादंबरीतला पाहुणा एका शीटवर आहे, पण निघेपर्यंत तीनवर पोचेल असं लेखिका म्हणते. एक म्हणजे नुसती चढलेली, तीन म्हणजे पाय लटपटण्याइतका तर्र.

पवनचक्कीच्या चारपैकी तीनच पात्यांना कापड लावलं की ती डगमगते, त्यावरून हा वाक्प्रचार आला, ही कथा फार फिरते. तिला पुरावा नाही. सोडून द्या.

शीट सोडणं म्हणजे नेहमी गलथानपणा, असंही नाही. अचानक जोराचा झोत आला आणि होडी कलंडायला लागली, तर शीट मुद्दाम सोडतात. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. म्हणून मराठीत लिहिताना मी दोऱ्यांच्या वाटेला जात नाही, ‘तर्र होऊन आला’ असं सरळ लिहिते. मूळ खलाशी बोली दाखवायचीच असेल, तर ‘दोऱ्या सुटलेल्या जहाजासारखा झोकांड्या खात आला’ असं लिहिते. त्यात शीड हा शब्द लागतच नाही.