दुसऱ्या फ्रीलान्सरची यशाची पोस्ट कशी वाचावी

हातातलं काम संपत आलेलं असतं, सहज म्हणून फोन उघडावा तर समोर पोस्ट येते: ‘या महिन्यात अमुक इतकी कमाई, रोज फक्त चार तास काम.’ त्यानंतरचे दोन तास आपण कामावर नसतो. मग सल्ले मिळतात. ‘असं काही बघूच नकोस.’ ‘स्वतःची तुलना फक्त कालच्या स्वतःशी कर.’ मी बारा वर्षं प्रेझेंटेशन आणि ब्रोशर डिझाइन करते आहे आणि या सल्ल्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे. नोकरीत पगाराची श्रेणी असते, शेजारच्या टेबलावर सहकारी असतो. फ्रीलान्सरला यातलं काहीच नसतं. आपला रेट बाजारात कुठे बसतो हे कालच्या स्वतःकडे बघून कसं कळणार? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने १९५४ साली सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. स्वतःची क्षमता मोजायला दुसरं ठोस माप हाताशी नसलं की माणूस दुसऱ्या माणसांकडे बघून ती मोजतो, हा त्याचा गाभा. म्हणजे तुलना होणारच आहे. ती नीट करायची एवढंच आपल्या हातात उरतं.

वेळ आणि वही

दिवसाचं मुख्य काम संपल्याशिवाय अशा पोस्ट उघडायच्या नाहीत. जवळ स्वतःच्या गेल्या तीन महिन्यांचा हिशोब हवा: आलेले पैसे, झालेला खर्च, गेलेले तास. तासांची नोंद तुम्ही ठेवत नसाल तर आजपासून ठेवा आणि तुलना महिनाभर लांबणीवर टाका.

कोणाशी तुलना करायची

फेस्टिंगरने आणखी एक गोष्ट सांगितली होती: आपल्यात आणि समोरच्यात फरक फार मोठा असेल तर तुलना करण्याची ओढच कमी होते. आपण मुळात जवळच्यांशी तुलना करतो. म्हणूनच मोठ्या एजन्सीच्या मालकाचं यश आपल्याला टोचत नाही, आपल्याच सोबत सुरुवात केलेल्या डिझायनरचं टोचतं. मोजणीच्या दृष्टीने ते बरंच आहे, कारण आपल्याला माणूस जवळचाच हवा. मी तीन गोष्टी बघते. काम त्याच प्रकारचं आहे का, साधारण तितकीच वर्षं झाली आहेत का, आणि क्लायंट त्याच थरातले आहेत का. तीनपैकी दोन जुळत नसतील तर पोस्ट वाचायची, आवडली तर अभिनंदन करायचं आणि पुढे जायचं. तिचा आकडा वहीत येऊ द्यायचा नाही.

आकडा सोलणे

खरी अडचण इथे आहे. मी इथेच जोरात आपटले होते.

धंद्यात चौथं वर्ष चालू होतं. एका ओळखीच्या डिझायनरने लिहिलं की तिने तासावारी काम बंद केलं, आता फक्त मोठी पॅकेजेस घेते, आणि महिन्याची कमाई अमुक झाली. आकडा माझ्या अडीचपट होता. त्याच रात्री मी माझ्या एका जुन्या क्लायंटला मेल पाठवला की यापुढे सुटी कामं घेणार नाही, पॅकेजच घ्यावं लागेल. तो क्लायंट दर आठवड्याला पाच-सहा स्लाइड पाठवायचा, पैसे वेळेवर द्यायचा. त्याने दोन ओळींचं सभ्य उत्तर दिलं आणि काम दुसरीकडे नेलं. त्याच्या जागी दुसरं तितकं नियमित काम मिळायला मला सात महिने लागले. चूक माझी होती: समोरचा आकडा मी सालासकट गिळला होता.

त्या पोस्टचा हिशोब मी पुढे वर्षभराने केला, तोही तिलाच विचारून. तिने मोकळेपणाने सांगितलं. चलन बाजूला ठेवून तिचा आकडा १००० धरू, म्हणजे त्या महिन्यात माझे ४०० होते.

या १००० पैकी ३०० दोन सहकाऱ्यांना गेले होते, कारण पॅकेजमधलं निम्मं काम तिने बाहेर दिलं होतं. ज्या प्लॅटफॉर्मवरून क्लायंट आले त्याचं कमिशन १००. उरले ६००. त्यात एका क्लायंटने तीन महिन्यांचे २४० आगाऊ दिले होते. त्यातले ८० त्या महिन्याचे, बाकी १६० पुढच्या दोन महिन्यांच्या कामाचे. उरले ४४०. सॉफ्टवेअर आणि जाहिरात ४०. हातात राहिले ४००.

आता तास. रोज चार तास हे खरंच होतं, पण ते डिझाइनचे तास. २२ दिवसांचे ८८. कोटेशन, क्लायंटचे कॉल, सहकाऱ्यांचं काम तपासणं आणि पोस्ट लिहिणं यात रोज दोन तास जायचे, ते ४४. एकूण १३२ तास. म्हणजे तासाला जेमतेम ३. माझे ४०० मधून कमिशन ३०, सॉफ्टवेअर १० वजा करून ३६० उरले होते, एकूण तास १२०. तासाला ३. जिच्या बरोबरीने मी कमावत होते तिच्यासारखं व्हायला मी माझा सर्वांत भरवशाचा क्लायंट घालवला होता.

तिने खोटं काहीच लिहिलं नव्हतं. पोस्टमध्ये माणूस इन्व्हॉइसची बेरीज लिहितो, हातात उरलेली रक्कम क्वचितच. म्हणून प्रत्येक आकड्याला हे प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे: दुसऱ्यांना किती गेले, कमिशन आणि खर्च किती, आगाऊ आलेलं किती, आणि बिलात न येणारे तास धरून एकूण तास किती. शेवटी तासाला काय पडलं तेवढंच शेजारी शेजारी ठेवायचं.

उत्तरं मिळणार कुठून? पहिली जागा म्हणजे त्याच माणसाच्या मागच्या सहा महिन्यांच्या पोस्ट. ‘टीम’ हा शब्द आला की काम बाहेर जातं हे कळतं. मोठ्या महिन्यानंतर दोन महिने कमाईबद्दल एक अक्षर नसेल तर आगाऊ रकमेची शक्यता धरायची, खात्री नव्हे. दुसरी जागा म्हणजे सरळ विचारणं. ‘किती कमावता’ असं विचारू नका. ‘यातलं काम तुम्ही एकट्याने केलं की कोणाला दिलं?’ असा एकच नेमका प्रश्न पाठवा. माझा अनुभव आहे की निम्म्याहून जास्त लोक उत्तर देतात, आणि आनंदाने देतात.

आता सर्वांत महत्त्वाची ताकीद. उत्तर मिळालं नाही तर ती जागा रिकामी सोडा. मन लगेच अंदाज भरायला जातं, तेही दोन टोकांचे. उमेद खचलेली असेल तर आपण सगळा खर्च शून्य धरतो आणि समोरचा डोंगराएवढा दिसतो. राग आलेला असेल तर त्याचा सगळा खर्च फुगवतो आणि म्हणतो, ‘यात काही राम नाही.’ दोन्ही अंदाज हिशोबाला सारखेच निरुपयोगी. चारपैकी दोन जागा रिकाम्या राहिल्या तर तो आकडा तुलनेला लायक नाही, पान उलटा. आणि पोस्टच्या शेवटी त्याच कमाईचा कोर्स विकायला असेल तर तो आकडा जाहिरातीचा भाग आहे. मी तो सोलायलाही बसत नाही.

समोरचा खरोखरच पुढे असेल तर

सोलल्यावर नेहमी बरोबरी निघेल असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका डिझायनरचा हिशोब याच पद्धतीने केला, तेव्हा त्याचे तासाला ६ पडत होते आणि माझे अजून ३. दोघांचं काम एकाच तोलाचं होतं. मला वाईट वाटलं, आणि ते तसं वाटू दिलं.

अशा वेळी शोधायचा तो एकच फरक, जो तुम्ही येत्या तीन महिन्यांत बदलू शकता. हे मी मनाने ठरवलेलं नाही. पेनेलोपी लॉकवूड आणि झिवा कुंडा यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेतल्या एका अत्यंत यशस्वी विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं होतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्यातून उभारी मिळाली, शेवटच्या वर्षाच्या मुलांना मिळाली नाही. यश तेच होतं, पण पहिल्या वर्षाच्यांना तिथवर पोचायला वेळ शिल्लक होता. म्हणून ज्या फरकाची वाट तुमच्यासाठी बंद झाली आहे, म्हणजे त्याने दहा वर्षांपूर्वी जोडलेले संबंध, त्याची आधीची नोकरी, तो लिहून ठेवा आणि सोडून द्या.

माझ्या बाबतीत उघडी वाट दुरुस्त्यांची निघाली. तो कोटेशनमध्ये दुरुस्तीच्या दोनच फेऱ्या द्यायचा, मी मागतील तितक्या. माझी वही बघितली तर एका साध्या महिन्याच्या १२० तासांपैकी ३४ तास तिसऱ्या आणि पुढच्या फेऱ्यांत गेले होते. हातात उरलेली रक्कम तीच, ३६०. ते ३४ तास काढले तर उरतात ८६, आणि तासाला ४ च्या वर पडतात. माझा रेट न वाढवता, नवा क्लायंट न शोधता.

बदल करण्याआधी थांबणे

सापडलेला फरक त्याच रात्री कोणाला मेल करून लागू करायचा नाही. कारण मी वर सांगितलंच. चार दिवस जाऊ द्या, मग पुन्हा वहीशी ताडून बघा, आणि बदल आधी नव्या क्लायंटवर करा, जुन्यांवर नव्हे. मी नव्या कोटेशनमध्ये एक ओळ घातली: ‘दुरुस्तीच्या दोन फेऱ्या समाविष्ट, तिसऱ्या फेरीपासून तासाप्रमाणे आकारणी.’ पहिल्या पाच जणांपैकी एकाने हरकत घेतली, चौघांनी काही न विचारता मान्य केलं. जुन्या क्लायंटना ती ओळ वर्षाच्या शेवटी, रेट ठरवण्याच्या बोलण्यात सांगितली. त्यातलं कोणीच गेलं नाही.

डेडलाइनच्या आठवड्यात मात्र यातलं काहीही करू नका. त्या आठवड्यापुरतं अशी खाती म्यूट करा, काम पोचलं की परत चालू करा.