नाटकाचं अंकवार सार काढताना मी कुठं आपटलो

एम.ए.ला नाटकाचा पेपर होता, नाटक होतं तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे', आणि मी सोलापुरात नव्या पेठेतनं झेरॉक्स नोट्सचा गठ्ठा आणून रात्री चादरीच्या कारखान्यातली पाळी संपल्यावर पाठ करत होतो. तीन अंक, तीन परिच्छेद, झालं काम असं वाटलं होतं. टेस्टच्या पेपरवर सरांनी लाल पेनानं एकच वाक्य लिहिलं होतं, "हे तुला कोणी सांगितलं?" दहापैकी साडेतीन मार्क.

काय झालं होतं ते सांगतो, कारण दरवर्षी ज्युनियर पोरं याच खड्ड्यात पडतात. नाटकात एक हौशी नाट्यमंडळी एका गावात प्रयोगाला येते आणि वेळ आहे म्हणून खोट्या खटल्याचा खेळ मांडते, त्यात मंडळीतलीच शिक्षिका बेणारे आरोपी. मी दुसऱ्या अंकाच्या सारात लिहिलं होतं की सामंत मंडळीतल्या न आलेल्या प्रोफेसर दामलेंच्या खोलीवर जातो आणि बंद दाराआडनं त्याला बाईचं रडणं ऐकू येतं. नोट्समध्ये तसंच होतं. पण नाटकात तसं काही घडतच नाही ओ. सामंत त्या गावातला साधा माणूस, त्याला खेळातला साक्षीदार करून उभा केलाय, आणि तो हातातल्या कादंबरीतलं वाचल्यासारखं बोलतो. बेणारे चिडून खोटं खोटं म्हणते, तर तो पण बिचारा कबूल करतो की खोटंच आहे. आता गंमत बघा, हे बनवलेलं बोलणं नेमकं बेणारे आणि दामलेंच्या खऱ्या संबंधाला जाऊन भिडतं, आणि खेळ तिथनं गंभीर व्हायला लागतो. म्हणजे अंकाची अख्खी कळ त्या खोट्यात आहे, आणि मी ते खरं म्हणून लिहून मोकळा.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारतो. डावीकडं 'स्टेजवर घडतं', उजवीकडं 'कुणीतरी म्हणतं', आणि उजवीकडच्या प्रत्येक ओळीपुढं म्हणणाऱ्याचं नाव. पहिल्या अंकात डावीकडं फार कमी येतं: मंडळी हॉलवर येतात, सामंताला समजावं म्हणून लुटुपुटूचा खटला करायचं ठरतं, बेणारे आत गेलेली असताना तिलाच आरोपी करतात, आणि शेवटी न्यायाधीश झालेला काशीकर कलम 302 खाली बालहत्येचा आरोप वाचतो. बास, एवढंच कथानक.

मग पहिला अंक फुकट का? नाही. तिथंच माझं दुसरं नुकसान झालं होतं, ते थोडक्यात सांगतो. बेणारे सुरुवातीला सामंताशी गप्पा मारताना सगळ्यांची टिंगल करते, पोंक्षे इंटर नापास, सुखात्मेला केसेस मिळत नाहीत, काशीकर नवराबायकोला मूल नाही, रोकडे त्यांच्या आश्रयाला. वाचताना ही नुसती टवाळी वाटते. पण तिसऱ्या अंकात हीच माणसं तिच्यावर तुटून पडतात तेव्हा त्याचं कारण इथं पेरलेलं असतं. म्हणून हेतू अंकाप्रमाणे लिहू नका, पात्राप्रमाणे लिहा, आणि पुढं कंसात कुठल्या अंकात कळलं ते टाका. संघर्ष पण मग आपोआप नीट निघतो. 'बेणारे विरुद्ध समाज' हे वाक्य पेपरात निम्म्या वर्गाचं असतं, त्याला कोण मार्क देणार? वरून खेळातलं कोर्ट विरुद्ध आरोपी, आणि खालून आपापल्या आयुष्यात हरलेले लोक विरुद्ध त्यांना हसणारी एकटी बाई, असं लिहा.

रंगतंत्राचं म्हणाल तर 'प्रकाशयोजना, नेपथ्य, संगीत' अशी यादी लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे, कुठल्याही नाटकाला चालते ती. एकच वस्तू धरा. दाराचा बोल्ट घ्या. पहिल्या अंकात येता येताच त्यात बेणारेचं बोट सापडतं, हसण्यावारी जातं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी ती निघून जायला बघते तर दार बाहेरनं अडकलेलं. हॉलचं साधं दार पिंजरा होतं, कुणी पोलीस लागत नाही. एवढं तीन ओळीत लिहिलं की पुरे.

आणि तिसऱ्या अंकातलं तिचं लांब स्वगत. काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतो. ती बोलते तेव्हा बाकीचे जागच्या जागी थिजलेले असतात, आणि ती थांबल्यावर तो म्हणतो वेळ संपली. म्हणजे कोर्टानं काहीच ऐकलं नाही, ऐकलं फक्त आपण. मी आधी 'बेणारे कोर्टात कबुली देते' असं लिहिलं होतं, परत तीच चूक. हे स्वगत दोन्ही रकान्यात बसत नाही, त्याला मी खाली वेगळी चौकट काढतो.

घाबरू नका, एका अंकाला मला पहिल्यांदा पूर्ण रविवार गेला, तिसऱ्याला दीड तास. झेरॉक्सचा गठ्ठा अजून घरी आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवरच रेघा मारल्यात.